दोन डावांमधील अंतर

ऑनलाइन सट्ट्याविषयीची चर्चा बहुधा लोभ आणि व्यसन या दोन शब्दांपाशी येऊन थांबते, आणि त्यामुळे ज्या पडद्यावर पैसे लावले जातात त्या पडद्याची रचना कोणत्या हेतूने झाली आहे, हा प्रश्न मागे पडतो. हिमायतनगरसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्याला सट्टा अपरिचित नाही. किंबहुना मुंबईच्या मटक्याचा उगमच कापसाच्या भावात होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या व मिटत्या भावांवर लोक पैसे लावत असत, आणि साठच्या दशकाच्या आरंभी तो मार्ग बंद झाल्यावर कल्याणजी भगत व रतन खत्री यांनी आकडे काढण्याची स्वतंत्र पद्धत रूढ केली, तरी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द टिकून राहिले.

मटक्यात शून्य ते नऊ यांपैकी एका आकड्यावर दहा रुपये लावले आणि आकडा लागला, तर प्रचलित भावाने नव्वद रुपये मिळत. आकडा लागण्याची शक्यता दहांत एक असल्याने लावलेल्या रकमेचा सरासरी दहावा हिस्सा चालवणाऱ्याकडे राहत असे. म्हणजे ओपन व क्लोज या दोन्ही वेळी दहा-दहा रुपये लावणारा सरासरीने दिवसाला दोन रुपये गमावी. आता एखाद्या अॅपने केवळ पाच टक्के हिस्सा ठेवला, पण दर मिनिटाला नवा डाव मांडला असे धरले, तर दहा रुपयांचे साठ डाव तासाभरात होतात, सहाशे रुपये लावले जातात आणि सरासरी तोटा तीस रुपयांचा होतो. भाव उदार, तोटा पंधरापट. खेळणारा मात्र भावाकडे पाहतो, डावांच्या संख्येकडे नाही. अॅपची रचना नेमकी या संख्येवर काम करते.

मटक्यात दोन डावांमध्ये तासांचे अंतर असे, आकडा लावण्यासाठी टपरीपर्यंत जावे लागे, ओळखीच्या नजरा चुकवाव्या लागत आणि खिशातली नोट दुसऱ्याच्या हाती द्यावी लागे. या प्रत्येक टप्प्यावर माणसाला मागे फिरण्याची संधी होती. पुन्हा तेवढीच रक्कम लावण्याचे एका स्पर्शाचे बटण ही संधी काढून घेते, कारण त्यात रक्कम ठरवण्याची पायरीच उरत नाही. आधीच्या डावाचा निर्णय आपोआप पुढच्या डावाचा होतो, आणि हरल्यानंतरची चीड ओसरण्यापूर्वीच दुसरा डाव सुरू झालेला असतो.

सूचनेचे, म्हणजे अॅप बंद असतानाही मोबाइलवर झळकणाऱ्या संदेशाचे, काम याआधीचे आहे. खेळणे थांबवलेल्या माणसाला ती निमित्त पुरवते, आणि ‘आज रात्रीपर्यंत बोनस’ अशी मुदत घालून विचाराला वेळ ठेवत नाही. हा बोनस बहुधा लगेच काढता येत नाही. ठरावीक पट रक्कम खेळल्यावरच तो खेळणाऱ्याचा होतो, ही अट बारीक अक्षरांत असते. सलग खेळलेल्या दिवसांचे बिल्ले त्याहून सूक्ष्म आहेत. सहा दिवसांची साखळी तुटू नये म्हणून सातव्या दिवशी माणूस जिंकण्याच्या आशेने नव्हे, तर जमवलेले गमावण्याच्या भीतीने पैसे लावतो. ‘व्हीआयपी’ पायऱ्या तर प्रायः एकूण लावलेल्या रकमेवर मिळतात, जिंकलेल्या नव्हे. तेव्हा वरची पायरी हा बऱ्याचदा मोठ्या तोट्याचाच दाखला असतो, जरी तो सोनेरी रंगात दिला जात असला तरी.

यावर खेळणाऱ्याच्या विवेकाचा दाखला देऊन हात झटकणे सोपे आहे, परंतु नियामकांनी रचनेलाच हात घातल्याची उदाहरणे आहेत. ब्रिटनच्या जुगार आयोगाने ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉट खेळांत दोन फेऱ्यांमध्ये किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले, आपोआप चालणाऱ्या फेऱ्यांवर बंदी घातली, आणि दहा लावून चार परत मिळाल्यावर जिंकल्यासारखा जल्लोष दाखवण्यासही मनाई केली. तामिळनाडूने २०२५ मध्ये मध्यरात्री ते पहाटे पाच हे तास पैशांच्या ऑनलाइन खेळांसाठी बंद ठेवले, आणि मद्रास उच्च न्यायालयाने ते नियम ग्राह्य धरले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने कौशल्य की नशीब हा जुना वाद बाजूला सारून पैसे लावण्याचे सर्वच ऑनलाइन खेळ प्रतिबंधित केले, आणि शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर न ठेवता खेळ चालवणाऱ्यांवर व जाहिरात करणाऱ्यांवर ठेवला. हा रोख योग्यच आहे. तथापि परदेशातून चालणारी आणि अधिकृत दुकानाबाहेरून फाइल पाठवून मोबाइलमध्ये उतरवली जाणारी अॅपे या कायद्याच्या हाताला सहज लागत नाहीत, आणि तिथे अडीच सेकंदांचा नियमही नाही की बंद तासही नाहीत. सोयाबीनची पट्टी ज्या बँक खात्यात जमा होते तेच खाते यूपीआयने मोबाइलला जोडलेले असल्याने हा धोका कुटुंबाच्या वर्षभराच्या रकमेपर्यंत पोहोचतो. अशा अॅपची ओळख पटवण्यासाठी पैशांच्या दोन वाटा ताडून पाहाव्यात: रक्कम भरण्यास किती पायऱ्या लागतात, आणि तीच काढून घेताना किती कागदपत्रे, किती दिवस व आणखी किती डाव मागितले जातात.