विषय : वरीलप्रमाणे

आमच्या शाखेत सध्या कोणी पूर्ण वाक्य लिहीत नाही. पूर्वी निदान चिठ्ठीवर "कृपया भेटणे" असं लिहिण्याची रीत होती. आता चॅटवर नुसतं "सर?" येतं. त्याला दुपारी उत्तर येतं, "हं?" तोवर विचारणारा जेवायला गेलेला असतो. तो परत येऊन "झालं?" म्हणतो आणि पलीकडून "कुठलं?" येतं. चार शब्दांत दिवस जातो आणि काम जिथल्या तिथे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांचा संयम संपला. चॅटवर अडकलेली सगळी कामं रीतसर ईमेलने पाठवा, असा हुकूम निघाला. ते ईमेल लिहायला एक माणूस लागणार होता. मी कधी काळी दिवाळी अंकात दोन विनोदी लेख लिहिले होते, त्याची शिक्षा म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एकूण 19 पिंग होते. त्यांत सहा "सर?", चार "झालं?", तीन "अर्जंट", आणि एकात तर अक्षरच नव्हतं, दोन प्रश्नचिन्हं होती.

मजकूर लिहिणं अवघड गेलं नाही. ज्याचा पिंग त्याच्या टेबलाशी जायचं, "काय हवं होतं?" विचारायचं आणि उतरवून घ्यायचं. गाडी अडली ती वरच्या एका ओळीत, विषयाच्या. मी सगळ्या ईमेलना एकच विषय दिला : "तातडीचे". साहेबांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर तातडीचे, तातडीचे, तातडीचे, अशी मुंग्यांची रांग लागली होती. "यातलं खरं तातडीचं कुठलं?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, उघडून पाहावं लागेल." ते म्हणाले, "मग चॅट काय वाईट होतं?"

दुसऱ्या खेपेला मी सरकारी पत्रांना शरण गेलो. "लॉकरबाबत", "नामांकनाबाबत", "सही न जुळण्याबाबत". 'बाबत' हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात काय झालं, कोणी करायचं, कधीपर्यंत, यांतलं काही सांगावं लागत नाही. नुसतं त्या दिशेला बोट दाखवलं की झालं. ईमेलच्या उत्तराला आपोआप चिकटणारं ते 'Re:' आहे ना, त्याचं मूळही लॅटिन 'इन रे', म्हणजे 'च्या बाबतीत', असं सांगतात. म्हणजे हे दुखणं निदान आपल्या एकट्याचं नाही.

शेवटी मदतीला आलं ते बी. कॉम. आम्हांला जर्नल एंट्री शिकवताना खाली नॅरेशन लिहायला लावत. नावे-जमा बरोबर असलं तरी नॅरेशन नसलं की सर मार्क कापत. मी एकदा का, म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तुला आज आठवतंय रे. पाच वर्षांनी वही उघडणाऱ्याला कोण सांगणार?" पिंग आणि विषय यांतला फरक मला त्या नॅरेशनमुळे कळला. पिंग समोर असलेल्या माणसासाठी असतो. विषय नसलेल्या माणसासाठी लिहायचा : जो मीटिंगमध्ये आहे, ज्याची पुढे बदली होऊन जागी दुसरा येणार आहे, किंवा जो दोन वर्षांनी ऑडिटला येऊन ईमेलच्या ढिगात एकच शब्द शोधणार आहे.

एक शब्द वाईटच असतो असं मात्र नाही. सौ. मला संध्याकाळी "दूध" एवढंच पाठवते. त्यात किती, कुठलं, कुणी, कधी आणि न आणल्यास काय होईल, हे सगळं आलं. पण हा विषय कळायला बावीस वर्षांचा संसार लागतो. साहेब येऊन आठ महिने झालेत.

मग मी सोपी पद्धत धरली. पहिल्यांदा वाचणाऱ्याने काय करायचं ते : "मंजुरी हवी", "माहिती हवी" किंवा "फक्त माहितीसाठी". मग मुदत. मग वस्तू. क्रम हाच, कारण साहेबांच्या फोनवर तीसेक अक्षरांनंतर तीन टिंबं येतात. मुदत शेवटी टाकली तर ती टिंबांत बुडते. ग्राहकाचं नाव आणि खातेनंबर विषयात घालायचा नाही, कारण फोन कुलूपबंद असला तरी ती ओळ पडद्यावर झळकते आणि लोकलमधला शेजारी ती आपल्याआधी वाचतो. दोन प्रश्नचिन्हांच्या पोटात एक चेकबुक आणि एक बंद पडलेला एसी निघाला. त्यांचे दोन वेगळे ईमेल केले. एकाच विषयाखाली दोन कामं घातली की सोपं होतं आणि दुसरं त्याच्या आड लपतं.

एकोणीस ईमेल झाले. राहिला एक "सर?", 2 जानेवारीचा, पेन्शनच्या काउंटरवरच्या मॅडमचा.

"याच्यात काय होतं, मॅडम?"

"राहू द्या ना तो," त्या म्हणाल्या.

मी खोदलं. एका आजोबांचं डिसेंबरचं पेन्शन जमा झालं नव्हतं. त्यांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच कागदावर भरून दिला होता. पोचही जपून ठेवली होती. दाखल्याची सिस्टिममध्ये नोंद राहून गेली. मॅडमनी 2 तारखेला नोंद केली, पण आमच्याकडे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने ती मंजूर करायची असते. त्या मंजुरीसाठी तो "सर?" होता. साहेब त्या दिवशी बाहेर होते, पिंग वर सरकत गेला, आणि आज 9 तारीख.

"मग सरळ लिहायचं नाही का?"

मॅडमनी ड्रॉवरमधून पोचेची झेरॉक्स काढली. खाली 14 नोव्हेंबर ही तारीख आणि सही. सही माझी. त्या दिवशी त्यांच्या रजेत मी त्यांच्या काउंटरला बसलो होतो. "चॅट सगळी शाखा वाचते," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव कशाला, म्हणून नुसतं 'सर?' लिहिलं. म्हटलं, समोर बोलावतील तेव्हा सांगेन."

एका शब्दात एवढी माया असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि त्या मायेपायी आजोबा सात दिवस औषधाच्या दुकानात "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणत होते, हेही तितकंच खरं.

मी विषय लिहायला बसलो. बोटांनी आपसूक टाइप केलं : "हयातीच्या दाखल्याबाबत". काय सुंदर शब्द! त्याच्या सावलीत मी निवृत्त होईपर्यंत बसलो असतो. तो खोडला. "हयातीच्या दाखल्याची नोंद राहून गेली" हेही लिहिलं, पण राहून गेली म्हणजे काय? ती काय आपण होऊन राहिली? मग पश्चात्तापाच्या भरात "माझ्या चुकीमुळे पेन्शन थांबले" असं लिहिलं. ते खरं होतं, पण त्यात साहेबांनी काय करायचं ते कुठेच नव्हतं. मी आजोबांचा विषय बळकावून स्वतःचा केला होता. शेवटी विषयात लिहिलं : "मंजुरी हवी आजच : हयातीचा दाखला, डिसेंबरचे पेन्शन थांबलेले". आणि आत पहिल्याच ओळीत, "दाखला 14 नोव्हेंबरला माझ्याकडे आला होता, नोंद मी केली नाही."

पाठवा दाबायला मला उरलेल्या एकोणिसांपेक्षा जास्त वेळ लागला. नऊ मिनिटांत मंजुरी झाली. मॅडमनी थकबाकीचं पुढचं काम हातात घेतलं आणि आजोबांना फोन लावला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेबांचा पिंग, चॅटवरच.

"या."

केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे. मी चष्मा पुसला, शर्ट नीट केला, आणि याचा विषय काय असेल ते ठरवत निघालो.