आधी कोणाला कळलं?

लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत आमची बहुतेक भांडणं व्हॉट्सॲपवर झाली. आम्ही वेगवेगळ्या शहरांत राहत होतो म्हणून नाही. एकाच पलंगावर, एकमेकांकडे पाठ करून, मोबाइलचा ब्राइटनेस कमी करून आम्ही भांडायचो. भिंतीपलीकडे आई-बाबा झोपलेले असायचे. बाबांचा खोकला इकडे स्पष्ट ऐकू यायचा, म्हणजे आमचं बोलणंही तिकडे जाणारच. टाइप करून भांडलं की आवाज चढत नाही हे खरं, पण तो उतरतही नाही. समोरासमोरच्या भांडणात कधीतरी कुणीतरी रडतं, किंवा मधेच हसू फुटतं आणि गाडी रुळावर येते. आमची भांडणं 'ओके' या शब्दावर थांबायची. थांबायची, संपायची नाहीत.

घर म्हणजे पुण्यात सिंहगड रोडजवळ चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके. बाबांची बायपास झाली, त्यानंतर ते आणि आई साताऱ्याहून कायमचे आमच्याकडे आले. 'आमच्याकडे' म्हणतोय खरा, पण फ्लॅटच्या किमतीतले अठरा लाख बाबांच्या पीएफमधले आहेत. उरलेल्याचा हप्ता मी भरतो.

हे सासू-सुनेच्या छळाचं प्रकरण नाही, हे आधीच सांगतो. बायकोला ऑफिसातून यायला उशीर झाला की आई तिचं ताट झाकून ठेवते. बाबा तिच्या गाडीत हवा भरून आणतात. घरात कुणीही वाईट नव्हतं, तरी आम्ही दोघं एकमेकांपासून लांब जात होतो. वाईट माणूस असता तर निदान बोट दाखवता आलं असतं.

मला बराच काळ काही जाणवलंच नाही, कारण मी माझ्याच घरात होतो. मी हाफ पँटवर सोफ्यात लोळायचो. बायको रात्री पाणी प्यायला उठली तरी गाऊनवर ओढणी घ्यायची. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. नाटकातल्या नटाला निदान विंगेत जाऊन मिशी काढता येते. तिला विंग म्हणजे दहा बाय अकराची बेडरूम, आणि तिथेही आई एका हाताने दार वाजवत दुसऱ्या हाताने ते उघडायची. आत येऊन धुतलेले कपडे आमच्या कपाटात रचायची. मला ती माया वाटायची, आणि ती मायाच होती. पण आपले आतले कपडे कुठल्या कप्प्यात आहेत हे सासूला ठाऊक आहे, या जाणिवेसोबत रोज झोपणं कसं असतं, हे मला कधीच अनुभवावं लागलं नाही.

त्यात मी स्वतःकडे एक काम घेतलं होतं, निरोप्याचं. आई म्हणायची, "तिला सांग, रविवारी तरी जरा लवकर उठावं." मी बायकोला सांगायचो, "आई म्हणत होती, रविवारी सगळे मिळून नाश्ता करू." बायको म्हणायची, "आईंना सांग, माझ्या डब्यात काय द्यायचं ते माझं मी बघेन." मी आईला सांगायचो, "अगं, तुला त्रास नको म्हणते ती." मला हे फार हुशारीचं वाटायचं. पण दोघींपर्यंत पोचत होतो तो मीच. दोघी एकमेकींशी कधी बोलल्याच नाहीत, आणि मीही दोघींपैकी कुणाशी खरं बोलत नव्हतो.

मग गेल्या वर्षीचा जून आला.

बायकोला आठवा आठवडा होता. आम्ही दोघांनीच ठरवलं होतं की तिसरा महिना संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. एका मंगळवारी तिला रक्तस्राव सुरू झाला. आम्ही ऑफिसच्या नावाखाली निघून दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीत ठोके नव्हते. इतक्या लवकर गर्भ पडतो तेव्हा बहुतेक वेळा गुणसूत्रांतला दोष हे कारण असतं, कुणाच्या चालण्या-चढण्याने असं होत नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. परत आल्यावर आम्ही पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो, पाऊण तास असेल. ती म्हणाली, "आज कुणाला सांगू नकोस. मला अजून माझंच कळलेलं नाहीये." मी हो म्हणालो.

वर आलो तर आईने गॅलरीतून गाडी पाहिली होती. "एवढा वेळ खाली काय करत होतात?" बायको डोकं दुखतंय म्हणून आत गेली. मी किचनमध्ये पाणी प्यायला थांबलो. आईने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं रे?" मी एकोणतीस वर्षांचा माणूस तिथे ओट्यापाशी उभा राहून रडलो, आणि सगळं सांगितलं.

पुढचं सगळं प्रेमाने झालं. आईने मऊ भात केला, गरम पाण्याची पिशवी दिली, बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला. बायकोने माझ्याकडे एकदाच पाहिलं. संध्याकाळी आई हळू आवाजात मावशीशी फोनवर बोलत होती. "परवा लिफ्ट बंद होती ना, चार मजले चढून आली बघ." आईच्या मनात दोष देणं नव्हतं. तीही कारण शोधत होती, आपण सगळेच शोधतो. पण भिंत तीच होती आणि बायको जागी होती.

रात्री तिने टाइप केलं नाही. ती बोलली, मोठ्याने नाही, पण कुजबुजलीही नाही. "ते दोन दिवस मला हवे होते रे. तू ते वाटून टाकलेस."

मी म्हणालो, "दुःख माझंही होतं."

"हो. तुझं तू रड ना. पण माझं माझ्याआधी घरभर झालं."

या वाक्यापाशी मी अनेक महिने अडकून आहे. माझं खरंच चुकलं का? माणूस आईपाशी रडतो यात गुन्हा काय? सुरुवातीला मला वाटायचं की प्रश्न लपवण्याचा आहे, आणि आपल्याच माणसांपासून लपवायचं कशाला? आता वाटतं, प्रश्न लपवण्याचा नसून क्रमाचा आहे. दोन माणसांच्या आयुष्यात काही घडतं, आणि ते इतरांना कळतं. या दोन गोष्टींच्या मधे थोडा वेळ लागतो. त्या वेळात ती दोघं घडलेल्याला नाव देतात, त्यावर भांडतात, ठरवतात, कधी एखादी गोष्ट न सांगायचंही ठरवतात. मला वाटतं, जवळीक त्या मधल्या वेळातच तयार होते. एका छताखाली तो वेळ जवळजवळ शून्यावर येतो. चेहरा पडला की पाच मिनिटांत विचारणा होते. नवरा-बायकोला एकमेकांचं काही कळायच्या आत ते घराचं होतं. घर मोठ्या मनाचं असलं तरी.

मी हे बोलल्यावर एक मित्र म्हणाला, "आपल्या आज्या-पणज्या नाही का राहिल्या वाड्यांत?" राहिल्या. पण त्यांतल्या काहींनी लिहूनही ठेवलंय. रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ साली अकराव्या वर्षी झालं, आणि न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली आलेल्या पुस्तकात त्या शिक्षणापायी घरातल्या बायकांनी केलेला जाच आहे. नवऱ्यासोबत पुस्तक उघडणं ही त्या जोडप्याची जवळीक होती, आणि घराने तिची किंमत दिवसभर रमाबाईंकडून वसूल केली. न्यायमूर्तींचा सल्ला होता उलट उत्तर न देता सोसण्याचा. त्या काळाच्या मानाने तो माणूस फार पुढचा होता. तरीही शिकवायचं दोघांनी आणि सोसायचं एकीने, ही वाटणी त्यांच्याही घरात झाली. म्हणून 'पूर्वी सगळे एकत्रच राहायचे' हे वाक्य मला पुरावा वाटत नाही. पूर्वी सोसायचं कोणी, हेही त्यात सांगावं लागेल.

दुसरी बाजूही खोटी नाही. बाबांच्या छातीवरची टाक्यांची रेघ मी रोज बघतो. त्यांना साताऱ्याला एकटं सोडणं मला जमणार नाही. कायदासुद्धा मुलाच्या बाजूने बोलतो. बायकोने नवऱ्याला आई-बापांपासून वेगळं होण्याचा सतत हट्ट धरणं ही क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका घटस्फोटाच्या खटल्यात म्हटलं. पण ज्येष्ठांच्या सांभाळासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्यातल्या 'मुलं' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी आणि नातवंडं आहेत. सून नाही. मला ही गोष्ट फार सूचक वाटते. आई-बापांचं ऋण माझं आहे. मी मात्र त्याचा हप्ता इतकी वर्षं बायकोच्या खात्यातून भरत होतो. तिची झोप, तिचा रविवार, तिचा मोठा आवाज आणि शेवटी तिचे ते दोन दिवस, सगळं त्यात गेलं. आणि तिची आई नाशिकला एकटी राहते, तिच्या हप्त्याचं काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दिवाळीनंतर आम्ही शेजारच्याच बिल्डिंगमध्ये वन बीएचके भाड्याने घेतला. भाजीचा डबा गरम पोचेल एवढंच अंतर. आई आठ दिवस धड बोलली नाही. बाबा म्हणाले, "पैसे जास्त झालेत का?" मला वाटलं, आता सुटलं. महिनाभरात कळलं की सुटलेलं नाही. अडीअडचणीला असू दे म्हणून मीच आईला एक किल्ली दिली होती. एका शनिवारी सकाळी आम्ही झोपलेले असताना आई पोह्यांचा डबा घेऊन थेट हॉलमध्ये उभी. भिंत बदलली होती, क्रम तोच होता.

किल्ली परत मागणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं ठरलं. या वेळी मी गोड केलं नाही. "तिला आवडत नाही" असंही म्हणालो नाही, कारण तेही निरोप्याचंच काम झालं असतं. "मला नको आहे, आई," एवढंच म्हणालो. तिने किल्ली ओट्यावर ठेवली आणि भांडी घासायला घेतली.

आता रविवारी बायको स्वतःहून तिकडे जाते. दोघी थेट बोलतात, कधी खटकेही उडतात, आणि मी मधे पडत नाही. सगळं छान झालंय असं नाही. आम्हाला मोठ्याने भांडायचीही सवय नव्हती. एकदा बायको ओरडली आणि दोघंही दचकून भिंतीकडे बघायला लागलो. मग हसलो.

मागच्या आठवड्यात बायकोला बेंगळुरूची ऑफर आली. आमचं काहीच ठरलेलं नाही. संध्याकाळी चहाला आईकडे गेलो, तर तिने नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालंय?"

"आहे काहीतरी," मी म्हणालो. "आमचं दोघांचं बोलून झालं की सांगतो."

आई काही बोलली नाही. कपात चहा ओतताना तिचा हात जरा थांबला. तिला लागलं, मला दिसलं. तो चहा मी बसून पूर्ण प्यायलो. हा हप्ता माझा होता.