छत्रीखालचं पिल्लू

चि. मनू हिस,


तुझ्या चित्रपुस्तकाची डमी मंगळवारी मिळाली. आठ कागद मधोमध दुमडून बत्तीस पानं केलीस, पानांवर आकडे घातलेस, हे बघूनच निम्मी चिंता मिटली. बहुतेक जण थेट पान पाचवरचं सुंदर चित्र रंगवायला बसतात आणि मग गोष्ट पान एकोणीसवरच संपल्याचं त्यांच्या लक्षात येतं. तीन वेळा वाचली. पहिल्यांदा नुसती चित्रं, मजकुरावर पुठ्ठ्याची पट्टी धरून. दुसऱ्यांदा नुसता मजकूर, चित्रं न बघता, मोठ्याने. तिसऱ्यांदा दोन्ही मिळून. आणि तिसऱ्या वेळी मला नवीन काहीच मिळालं नाही, हीच माझी तक्रार आहे. तुझा मजकूर एकटाही गोष्ट सांगतो आणि चित्रंही एकटी सांगतात. दोन माणसं एकाच वेळी एकच बातमी सांगायला लागली की घरात जसं होतं, तसं झालंय.

पान दहा-अकरा उघड. तू लिहिलं आहेस : ‘चिमीने लाल छत्री उघडली. छत्री खूप मोठी होती. तिच्यामागून एक ओलं कुत्र्याचं पिल्लू हळूच येत होतं. चिमीला ते माहीत नव्हतं.’ आणि चित्रात काय आहे? लाल छत्री, ती मोठी, मागे ओलं पिल्लू, आणि भलतीकडे बघणारी चिमी. चारही वाक्यं चित्राने आधीच सांगून टाकली आहेत.

आता एक जुनं पुस्तक सांगते, ते मिळव. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचं ‘रोझीज वॉक’, 1968 सालचं, तिचं पहिलंच. सगळ्या पुस्तकात मिळून इंग्रजी शब्द बत्तीस, आणि तेही एकाच वाक्यात. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते, आवारातून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीपाशी, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून, आणि जेवणवेळेला घरी परत. बस. एवढंच वाचलं तर वाचणाऱ्यालाच जांभई येईल. पण चित्रात तिच्या मागे पहिल्यापासून एक कोल्हा आहे, आणि मजकुरात कोल्हा हा शब्द एकदाही येत नाही.

हे नुसतं गमतीदार नाही, त्यात कारागिरी आहे. पुस्तक कसं वाचलं जातं ते आठव. मोठं माणूस वाचतं, त्याचे डोळे अक्षरांवर. मूल ऐकतं, त्याचे डोळे चित्रावर. त्यामुळे कोल्हा आधी दिसतो तो मुलाला. वाचणारी आजी शांतपणे कोंबडीच्या फेरफटक्याचं सांगत असते आणि मांडीवरचं पोर ओरडत असतं, ‘अगं मागे बघ!’ ज्याला अक्षर येत नाही त्याला वाचणाऱ्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. मजकुरात कोल्हा आला असता तर हे सुख आजीने काढून घेतलं असतं.

दुसरी गोष्ट पानं उलटण्याची. एका जोडपानावर मजकुराचे दोन-तीन शब्द आणि कोल्ह्याची उडी, हवेत. पान उलटलं की मजकूर नाही, फक्त फजिती : दाताळ्याचा दांडा नाकावर, किंवा तळ्यात डुबकी, किंवा अंगावर पिठाचं पोतं. पुन्हा शब्द आणि उडी, पुन्हा शब्दाविना आपटणं. म्हणजे पान उलटणं हाच विनोदातला दम. उडी आणि आपटणं एकाच पानावर काढलं असतं तर तो नुसता अपघात झाला असता. आणि कोंबडी? ती एकदाही मागे वळून बघत नाही. तिला माहीत आहे की नाही यावर मी माझ्या वर्गातल्या मुलांना तासभर भांडताना ऐकलंय.

तुझ्या पुस्तकात हे कसं लावायचं, ते सांगते. चित्राला काय काढता येत नाही, याची एक यादी मी माझ्या टेबलावर लावून ठेवली आहे. चित्राला ‘नाही’ काढता येत नाही. ‘अजून’ काढता येत नाही. ‘काल’, ‘नेहमी’, ‘म्हणून’ हेही नाही. आवाज नाही, वास नाही, माणसाचं नाव नाही. रिकामा एसटी थांबा काढता येईल, पण तिथे कोण यायचं होतं आणि आलं नाही, ते फक्त शब्दच सांगू शकतात. तेव्हा पान दहावरची ती चार वाक्यं खोड आणि लिही : ‘चिमी थांब्यावर निघाली. बाबांची एसटी अजून आली नव्हती.’ आता बघ, शब्दांकडे वाट बघणं आलं आणि चित्राकडे पिल्लू. दोघांकडे वेगवेगळा माल आहे. चिमी पुढे रस्त्याकडे बघते ते का, हे मजकुराने सांगितलं. त्यामुळे तिला मागचं पिल्लू का दिसत नाही, तेही न सांगता कळलं.

पुढचं जोडपान, बारा-तेरा. तिथे तू पुन्हा पाऊस, चिखल, झाडं यांचं वर्णन केलं आहेस. सगळं काढ. एक ओळ ठेव : ‘चारची गेली. पाचचीही गेली.’ चित्र मात्र तेच, तीच चिमी, तोच थांबा, फक्त पिल्लू दोन पावलं जवळ आणि डबकं थोडं मोठं. वेळ गेला हे शब्द सांगतात, काय काय जवळ आलं ते चित्र.

आणि चौदावर तुझी सगळ्यात मोठी चूक आहे, तीही इंग्रजीत होऊच शकली नसती अशी. ‘फिच्च! छत्रीखाली कोणीतरी शिंकला.’ शिंकला? मग चिमी लगेच पुरुषमाणूस शोधायला लागेल. आपली क्रियापदं चहाडखोर असतात, लिंग सांगून टाकतात. ‘कोणीतरी शिंकलं’ असं नपुंसकात ठेव, मग तो मुलगा असेल, बाई असेल, भूत असेल, काहीही असेल. मुलाला माहीत आहे पिल्लू आहे ते, चिमीला नाही. आणि हे वाक्य उजव्या पानाच्या तळाशी आण. तिथून पान उलटायचं आहे. उलटल्यावर शब्द नको, फक्त छत्रीच्या लाल छायेत दोघांची तोंडं, एकमेकांसमोर. ‘फिच्च’ मात्र ठेव. तुझ्या बाकीच्या ‘डुलत डुलत’, ‘लुटुलुटु’ मला गोड लागले, पण चालणं चित्रात दिसतंच. कानाला हवा तो आवाज.

चित्राच्या आकाराबद्दल एकच उदाहरण देते, कारण तू प्रत्येक चित्र पानभर काढलं आहेस आणि मग जोराने बोलायला जागाच उरत नाही. मॉरिस सेंडॅकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’, 1963 सालचं. सुरुवातीला मुलाचं चित्र छोटं, चारही बाजूंनी भरपूर पांढरं. त्याच्या खोलीत जंगल उगवायला लागतं तसं चित्र पानोपानी वाढत जातं, मग शेजारच्या पानावर सांडतं, आणि राक्षसांच्या धिंगाण्याला ओळीने तीन जोडपानं पूर्ण भरून जातात, एकही शब्द नाही. मग परत फिरताना चित्र आक्रसतं. खिडकीतला चंद्र सुरुवातीला कोरीसारखा आणि शेवटी पूर्ण, म्हणजे चित्रानेही आपलं वेगळं घड्याळ लावलेलं. आणि सगळ्यात शेवटच्या पानावर चित्रच नाही. तिथे फक्त काही शब्द, मुलाचं जेवण अजून गरम होतं एवढं सांगणारे. वाफ काढता आली असती, पण ‘अजून’ कुठून काढणार? मी वर यादी म्हणाले ना, ती त्या पानावरून आली.

तेव्हा तुझी पहिली तीन चित्रं लहान कर, अंगठ्याएवढी चिमी आणि भोवती कोरा कागद. पावसाचं एकच जोडपान पूर्ण भर. एकदाच.

आता कामाच्या दोन गोष्टी, यातली पहिली माझ्या फजितीतून आली आहे. माझ्या एका जुन्या पुस्तकात रात्रीचं जोडपान होतं, गडद निळं, त्यावर मी हौसेने पांढरी अक्षरं ठेवली. दिसत होती झकास. वर्षभराने त्याची कन्नड आवृत्ती ठरली. चार रंगांच्या छपाईत काळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर असतात, भाषा बदलली की तेवढीच प्लेट बदलायची. पांढरी अक्षरं म्हणजे प्रत्येक रंगात कोरलेली भोकं. त्या एका पानासाठी सगळ्या प्लेटा नव्याने कराव्या लागल्या आणि खर्चाचा आकडा ऐकून ती आवृत्तीच रेंगाळली. दोष माझाच होता. तू अक्षर काळं ठेव आणि त्याच्यासाठी फिकी जागा चित्रातच राख, आकाश, भिंत, काहीही. आणि ती जागा इंग्रजीच्या अंदाजाने नको. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, खाली उकार, दोन ओळींत जास्त अंतर लागतं. तू पान आठवर ठेवलेल्या पट्टीत ‘कुत्र्याचं’ खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतंय.

दुसरी, पान अठरा-एकोणीस, जिथे बाबा उतरतात. त्यांचं तोंड बरोबर मधल्या शिवणीत गेलंय. डमी सपाट उघडते म्हणून तुला कळत नाही, पाठीला गोंद लावून बांधलेलं पुस्तक तसं उघडत नाही आणि बाबांचं नाक आत जाईल. त्यांना डावीकडून उतरव. म्हणजे डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या डोळ्याबरोबर तेही चालत येतील, आणि चिमी उजवीकडे थांबलेली असेल, तोंड त्यांच्याकडे करून.

काही जण लिहिणं आणि चित्रं काढणं, दोन्ही कामं स्वतःच करतात. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं तुझ्याकडे आहेतच, लिहिणारा हात आणि काढणारा हात एकच असल्याचा फायदा त्यांत बघ. तुलाही तो आहे. लेखक वेगळा असता तर ‘तुमची चार वाक्यं खोडा’ सांगायला तुला महिना लागला असता. स्वतःला सांगायला अवघड असलं तरी फोन तरी करावा लागत नाही.

पुढची डमी पिना मारून आणू नकोस, मध्ये दोऱ्याचे तीन टाके घाल, म्हणजे पानं सोडवून जागा बदलता येतात. दाखवायच्या आधी शेजारच्या दोन-तीन पोरांना नुसती चित्रं दाखव, तू तोंड उघडू नकोस. ती काय सांगतात ते लिहून घे. मग जे त्यांनी सांगितलं ते मजकुरात आहे का बघ, आणि असेल तिथे पेन्सिल चालव.

तुझ्या आईला सांग, आमसुलं संपली आहेत.

तुझी,
मावशी