कोण सुटलं?

आमच्या दहावीच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला एका मित्राचा मेसेज आला, ‘अण्णा गेले. माती अकराला.’ मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत कुणीतरी लिहिलं, ‘सुटले बिचारे.’ लिहिणारा वाईट नाही. अण्णांना पक्षाघाताचा झटका आला त्या रात्री साताऱ्याला न्यायला गाडी त्यानेच काढली होती. तरीही तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

‘भावपूर्ण श्रद्धांजली’ गुळगुळीत झालीय, हे काही नव्याने सांगायला नको. माझं भांडण ‘सुटले’शी होतं. अण्णांसाठी हे आदरार्थी बहुवचन, पण मराठीत साधं बहुवचनही तेच. मग सुटले कोण? अण्णा, की त्यांचं करणारे घरातले सगळे? लिहिणाऱ्याच्या मनात अण्णाच असतील. ज्या मित्राने त्यांचं चार वर्षं केलं, त्याला मात्र दुसरा अर्थ आधी ऐकू येतो, कारण रात्री तीनला तो त्याच्याही मनात कधीतरी येऊन गेलेला असतो.

काय केलं त्याने, ते मी पाहिलंय. उजवी बाजू गेलेली, गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाड, खुबे, टाचा, जिथे हाडावर मांस कमी तिथे रक्त पोचत नाही. आधी कातडी लाल होते, बोटाने दाबली तरी लाली जात नाही, आणि तिकडे दुर्लक्ष झालं तर जखम होते. म्हणून मित्राच्या फोनवर दर दोन तासांचा गजर. एकदा मी बसलेलो असताना तो वाजला. बोलता बोलता उठला, अण्णांना डाव्या कुशीवर केलं, दोन गुडघ्यांमध्ये उशी सरकवली, टाचेखाली हात फिरवून बघितलं आणि परत येऊन अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं.

मामांना माझी ही कटकट पटली नाही. ते निवृत्त मास्तर. म्हणाले, “आपल्याकडं मरणाची भाषा ठरलेली असती. का? तर रडणाऱ्याला उत्तर शोधायला लागू नये म्हणून. तू निबंध लिहून पाठवलास तर त्या पोराला तो वाचावा लागंल.” मी म्हटलं, ठरलेल्या भाषेत ते अण्णा राहत नाहीत, कुणीही होतात. “मग होऊ देत की. पहिल्या दिवशी कडू घास नेतो आपण, त्यात मीठ किती, कोण बघतं?” याला मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आवाज चढवला.

पूर्वी मरणाची खबर कार्डाने यायची. कोपरा फाडलेलं कार्ड दारात आलं की वाचायच्या आधीच कळायचं, आणि वाचून झालं की ते फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. आता फोनमध्ये सगळं राहतं. ‘सुटले’सुद्धा.

मी खरडायला बसलो. ‘खंबीर राहा’ खोडलं. चार वर्षं तो दुसरं काय करत होता? ‘वय झालंच होतं’ खोडलं. तो हिशेब आपण मांडायचा नाही. ‘काही लागलं तर सांग’ यावर थोडा थांबलो. वाक्य प्रेमळ आहे, पण काय लागतंय ते शोधून मागायचं कामही त्यालाच देतं. शेवटी उरलं ते एवढं:

‘चार वर्षांत अण्णांच्या पाठीला एक जखम झाली नाही, हे मी बघितलंय. रविवारी टेम्पो घेऊन येतो, भाड्याची खाट परत करू. उत्तर देऊ नकोस.’

पाठवणार, तेवढ्यात मामांचा कडू घास आठवला. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. मातीनंतर सावडणं, दहावा, तेरावा. त्याच्या हातात कामं होती आणि अंगणात माणसं. तेव्हा ग्रुपवर मीही मुकाट्याने हात जोडलेलं चित्र टाकलं. ठरलेली भाषा त्या गर्दीसाठीच असते, हे मामांपुढे मी अजून कबूल केलेलं नाही. मेसेज पाठवला तो तेराव्यानंतर, सतरंज्या परत गेल्यावर.

रविवारी गेलो. खाटेचे बोल्ट काढताना त्याचा गजर वाजला. त्याने तो बंद केला, पुसून मात्र टाकला नाही. पाना माझ्या हातात देत म्हणाला, “सुटलो रे.”

इतके दिवस मी त्या शब्दाच्या वाटेवर काटे पेरून बसलो होतो. तो त्याच्या तोंडून आला तेव्हा जाणवलं, ग्रुपवरच्या माणसाचा शब्द खोटा नव्हता, तो फक्त त्याचा नव्हता. “तसं नको म्हणूस” एवढं मी कसंबसं गिळलं.

“हं,” म्हटलं, आणि पायाकडची बाजू उचलली.