सही कोणाची, माहिती कोणाची

दिल्लीत आयएनए बाजाराजवळ लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत आहे. अशा वसाहतीत राजपत्रित अधिकारी शेजारीच राहत असल्याने नोकरीला लागणाऱ्या मुलांना चारित्र्याचा दाखला मिळवायला फार लांब जावे लागत नाही. त्या दाखल्याचा मजकूर ठरलेला असतो: मी यांना इतकी वर्षे आणि इतके महिने ओळखतो, माझ्या माहितीप्रमाणे यांचे वर्तन चांगले आहे, सरकारी नोकरीला अयोग्य ठरेल असे यांच्याबाबत काही नाही. हजारो दाखल्यांत वाक्ये तीच असतात, तरी ती कोणी रचली असे कोणी विचारत नाही. दाखल्यातली खरी साक्ष रिकाम्या जागांमध्ये असते, म्हणजे किती वर्षांची ओळख आहे आणि सही कोणाची आहे यात. याच वसाहतीतली एखादी मुलगी परदेशी विद्यापीठात अर्ज करते, तेव्हा तिच्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र मात्र वेगळ्या नजरेने वाचले जाते. पत्र मोघम वाटले की हल्ली वाचणारा लगेच म्हणतो, हे यंत्राने लिहिलेले दिसते. माझ्या मते हा निष्कर्ष काढण्याचा अधिकार त्या मोघमपणामुळे वाचणाऱ्याला मिळत नाही.

पत्रात काय असते ते पाहू. विद्यार्थिनी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, नवे पटकन आत्मसात करते, सर्वांशी मिळूनमिसळून काम करते, कोणत्याही संस्थेला ती भूषणावह ठरेल, तिच्या भावी वाटचालीस शुभेच्छा. हा मजकूर यंत्राचा असू शकतो. पण आपल्या महाविद्यालयांत हीच वाक्ये यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहेत. मसुदा विद्यार्थ्यानेच करून आणायचा, सरांनी दोन शब्द इकडेतिकडे करायचे आणि महाविद्यालयाच्या कागदावर सही करायची, ही पद्धत कोणाला नवी नाही. आणि हे फक्त आपल्याकडचे नाही. रोमन वक्ता सिसेरोच्या पत्रसंग्रहाचा एक अख्खा भाग जवळजवळ शिफारसपत्रांनीच भरलेला आहे. त्यातल्या एका पत्रावरून दिसते की मनापासूनची शिफारस ओळखू यावी म्हणून त्याने वाचणाऱ्याशी एक खूण ठरवून ठेवली होती. दोन हजार वर्षांपूर्वीही नुसत्या शब्दांवरून खरी शिफारस आणि रिवाजाची शिफारस यांतला फरक कळत नव्हता. यंत्र शिकले ते माणसांच्याच अशा मजकुरांवरून. त्यामुळे मोघम पत्र यंत्रासारखे वाटते यात नवल नाही, कारण यंत्राने आपलाच मोघमपणा उचलला आहे.

अनुभवी वाचकाला हा फरक जाणवतोच, असे काही जण म्हणतील. २०२३ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन वैद्यकशास्त्रातल्या शिफारसपत्रांवर याचीच परीक्षा झाली. काही पत्रे माणसांनी लिहिलेली होती, काही यंत्राने. वाचणाऱ्यांचे उत्तर सुमारे ५९ टक्के वेळा बरोबर आले. नाणे उडवले असते तरी ५० टक्के आले असते. मग ओळखणारे सॉफ्टवेअर वापरावे काय? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन काढले. कंपनीनेच दिलेल्या आकड्यांनुसार ते यंत्राचे २६ टक्के मजकूर पकडत होते आणि माणसांचे ९ टक्के मजकूर चुकून यंत्राचे ठरवत होते. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून कंपनीने ते मागे घेतले. हे आकडे एका निवड समितीच्या टेबलावर ठेवून पाहा. समजा, १०० पत्रांपैकी १० यंत्राची आहेत. त्यांतली दोन किंवा तीन पकडली जातील, उरलेल्या ९० पैकी आठ निर्दोष पत्रांवर शिक्का बसेल, आणि यंत्राची सात किंवा आठ पत्रे सुखरूप निघून जातील. म्हणजे ज्या पत्रांवर संशय आला त्यांतली बहुतेक माणसांची असतील. नंतरची साधने सुधारली असतील, पण हे गणित आधी केल्याशिवाय कोणत्याही साधनाचा निकाल फाईलला लावू नये.

या चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. कारण समजण्यासारखे आहे. ही साधने पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते मोजतात. परक्या भाषेत लिहिणारा माणूस जपून लिहितो, शिकलेली, खात्रीची वाक्यरचना वापरतो, आणि त्यामुळे त्याचा पुढचा शब्द ओळखणे सोपे होते. आपल्याकडच्या कितीतरी प्राध्यापकांचे इंग्रजी नेमके असेच आहे, नीटनेटके आणि ठरावीक.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. यंत्राचे काही आवडते शब्द असतात, आणि ते मोजता येतात. संशोधकांनी वैद्यकीय शोधनिबंधांचे लाखो सारांश तपासले, काही इंग्रजी शब्दांचा वापर अचानक वाढल्याचे त्यांना दिसले, आणि २०२४ च्या सारांशांपैकी निदान दहातल्या एकाला यंत्राचा हात लागला असावा असा त्यांनी अंदाज बांधला. हा पुरावा मला पटतो. पण तो ढिगाऱ्याबद्दलचा आहे. ढिगाऱ्यात यंत्राचे प्रमाण किती हे त्यावरून सांगता येते, हातातले एक पत्र त्यात मोडते की नाही हे सांगता येत नाही, कारण ते शब्द आधीही माणसे वापरतच होती.

वाचणाऱ्याला खात्रीने जोखता येते ती दुसरीच गोष्ट: लिहिणाऱ्याला या व्यक्तीबद्दल काय माहीत आहे. ‘ती प्रामाणिक आहे’ या वाक्याऐवजी पत्रात असे असते तर? तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात तिने ओखल्याजवळून यमुनेच्या पाण्याचे नमुने घेतले, एका दिवशी बाटल्या बर्फात ठेवायच्या राहून गेल्या, ऊन लागले, आणि आकडे तिला हवे तसे येऊनही तिने स्वतःहून ते बाद केले. हे तिला शिकवणाऱ्यालाच माहीत असण्याची शक्यता जास्त. पण इथेही सावध राहिले पाहिजे. असा प्रसंग यंत्रसुद्धा रचून देते, आणि फार सफाईने देते. म्हणून तपशील आहे एवढ्याने भागत नाही, तो पडताळता यायला हवा. प्रकल्पाचे नाव गुणपत्रिकेत आहे का? प्राध्यापकांनी दोन वर्षे शिकवले म्हटले आहे, मग त्यांचा विषय त्या सत्रांत होता का? बाद केलेल्या आकड्यांचे पुढे काय झाले, असे त्यांना दोन ओळींच्या ईमेलने विचारले तर काय उत्तर येते? उत्तर जुळले नाही तर पत्र खोटे ठरते, मग ते कोणीही रचलेले असो. जुळले तर भाषा यंत्राने घासूनपुसून दिली होती का, याने मला फरक पडत नाही.

मग न वाचता सही करणारे प्राध्यापक सुटले का? नाही सुटले. जे आपल्याला माहीत नाही त्याखाली सही करणे हा साक्षीतला खोटेपणा आहे. विद्यार्थ्याने केलेल्या मसुद्याखाली केली तेव्हाही तो होता. पण शिक्षा कोणाला होते ते पाहा. संशय येतो सही करणाऱ्यावर, प्रवेश जातो मुलीचा. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याचे बहुतेक विद्यार्थी लिहून देतात, म्हणजे ज्या पत्रावरून ती दोषी ठरते ते अनेकदा तिने वाचलेलेही नसते. तिच्या फाईलवर ‘यंत्राने लिहिलेले’ असा शेरा मारला तर तिला तो खोडून काढण्याचा मार्गच उरत नाही. ‘या पत्रातून गुणपत्रिकेपलीकडे काही कळत नाही’ असा शेरा मारला तर तो पत्र उघडून कोणालाही दाखवता येतो, आणि दुसऱ्या शिक्षकांचे पत्र मागवण्याची वाटही मोकळी राहते. चारशे फाईली उपसणाऱ्या समितीला प्रत्येक प्राध्यापकाला विचारणे जमणार नाही हे खरे. समितीने अशा पत्राला शून्य वजन द्यावे, उणे गुण देऊ नयेत.