आडात आहे, पण पोहरा सोडलास का?

"मॅडम, सगळं येत होतं, पण ऐन वेळी ततपप झालं." हे वाक्य तू मला तिसऱ्यांदा ऐकवतोयस. मुलाखती तीन झाल्या, कारण एकच. आणि सांगताना चेहरा असा, जणू गारपीट झाली आणि पीक गेलं, तुझा त्यात काही हातच नव्हता.

चाकणच्या त्या कारखान्यात तुला अवघड काय विचारलं, सांग? स्वतःबद्दल बोला म्हणाले, तर कॉलेजच्या नावापाशीच अडखळलास. मग क्वालिटीच्या साहेबांनी व्हर्नियर पुढे सरकवला आणि लीस्ट काउंट विचारला. अरे, हेच तू पहिल्या वर्षाच्या पोरांना लॅबमध्ये समजावतोस ना? मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे व्हर्नियर पट्टीवर ५० भाग, म्हणजे एक भाग ०.९८ मिलिमीटरचा. एका मिलिमीटरातून तो वजा केला की उरतात ०.०२. झोपेतून उठवलं तरी सांगशील. तिथे मात्र "पॉइंट झिरो" एवढंच निघालं, आणि पुढचं कोरड्या जिभेला चिकटून बसलं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मी ढ पोरांना सांगते. तुझा आड काठोकाठ भरलेला आहे. तू पोहराच कधी सोडला नाहीस, हा माझा राग आहे.

"आठ दिवस तयारी केली." कसली? पलंगावर लोळत प्रश्नोत्तरं वाचलीस. रात्री मोबाइलवर दुसऱ्यांच्या मुलाखती पाहिल्यास. त्यातलं एक तरी उत्तर उभं राहून, मोठ्याने, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून दिलंस का? एक तरी? मान खाली घालू नकोस, उत्तर दे. मनातल्या मनात म्हटलेलं उत्तर नेहमीच सुरेख असतं, कारण मनात कोणी मध्येच तोडत नाही आणि श्वासही लागत नाही. त्यालाच तू "येतं" म्हणत बसलास.

आता ततपप का होतं ते नीट ऐक, म्हणजे नशिबाच्या नावाने बोटं मोडणार नाहीस. परीक्षा घेणारी माणसं समोर दिसली की शरीर संकट ओळखतं आणि रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतं. छाती धडधडते, हात कापतात. लाळ कमी होते आणि घट्टही होते. गळ्याचे स्नायू आवळतात, श्वास वरच्यावर चालतो. त्या अपुऱ्या श्वासावर तू लांबलचक वाक्य ओढायला जातोस, मग आवाज थरथरणार नाही तर काय होईल? जर्मनीत ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांना प्रयोगशाळेत माणसांवर ताण आणायचा होता. १९९३ साली त्यांनी त्याची रीत छापली. त्यांनी ना साप सोडला, ना चटके दिले. नोकरीच्या मुलाखतीला आलोय असं समजून निर्विकार परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोला, आणि पुढची पाच मिनिटं १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत या, एवढंच सांगितलं. तेवढ्याने धडधाकट माणसांचं कॉर्टिसॉल चढलं. तेव्हा "मलाच असं होतं" हे रडगाणं बंद कर.

पुढचं तर कान देऊन ऐक. १९९५ साली छापलेल्या प्रयोगात त्यांनी वीस पुरुषांना असंच पाच दिवस उभं केलं. तेरा जणांचं शरीर पहिल्या दिवसानंतर बरंच निवलं. सात जणांचं मात्र रोज चढतच राहिलं. तू तेरांतला की सातांतला? मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, कारण तू एक दिवसही उभा राहिला नाहीस. सातांतला निघालास तर मी तुला बोल लावणार नाही. मग कापऱ्या आवाजातही शेवटापर्यंत जाईल असं उत्तर आपण घडवू.

पुढची मुलाखत नऊ दिवसांवर आली आहे. पहिले दोन दिवस खोलीत एकटा उभा राहा, मोबाइलवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड कर आणि ऐक. लाज वाटेल, तरी ऐक. वाक्याची शेपटी कुठे गिळतोस आणि "म्हणजे, ते, आपलं" किती वेळा येतं ते तुलाच कळेल. तिसऱ्या दिवसापासून समोर माणूस हवा, आणि तो जिवलग मित्र नको. तो हसून सोडून देईल. दुसऱ्या वर्गाचे सर, लॅब असिस्टंट, तुझ्याशी कधी न बोललेला सीनियर, यांच्याकडे जा. त्यांना सांग, मान डोलावू नका, मध्येच तोडा, "का?" विचारा. रोज वीस मिनिटं पुरे. "ओळखीचं कोणी नाही" म्हणू नकोस. वह्या मागायला तर सगळं हॉस्टेल तुझ्या ओळखीचं असतं!

आणि ते पाठ केलेलं भाषण फाडून टाक. घोकलेल्या परिच्छेदातला एक शब्द निसटला की मागचे सगळे घरंगळतात. कॉलेजच्या नावापाशी तेच झालं. पहिली दोन वाक्यं तेवढी पक्की ठेव. पुढे फक्त तीन खुणा: काय शिकलो, हाताने काय केलं, इथे का आलो. शब्द रोज वेगळे आले तरी चालतील. लीस्ट काउंट विचारला तर "कागदावर दाखवू का?" असं विचार आणि दोन पट्ट्या काढ. हाताला काम मिळालं की जीभ मोकळी होते. "इंग्रजी आडवं येतं" हेही कारण मला नको. आकृतीला कुठलं इंग्रजी लागतं?

श्वासाचंही आधीच शिक. रोज रात्री पाच मिनिटं, चार अंक मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर. सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडायचा वेळ जास्त. हे मुलाखतीच्या दारात पहिल्यांदा करायला गेलास तर त्याचीच धास्ती घेशील. तहान लागल्यावर विहीर खणायची तुझी खोड मला ठाऊक आहे. प्रश्न आला की आधी श्वास घे, मग तोंड उघड. दोन सेकंदांच्या शांततेने कोणी तुला नापास करत नाही.

स्टँडवर तीन कप चहा ढोसून गेलास ना? हात आणखी कापले असणार. बाहेर थांबलास की आवळ्याची फोड चघळ, लाळ सुटते. आत जाण्याआधी ती संपव आणि घोटभर पाणी पी. तांब्याभर नको. आणि त्या मित्राने दिलेली धडधड थांबवायची गोळी खिशातून काढ. आत्ता. तसल्या गोळ्या दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतात, आणि पावसाळ्यात तुझी छाती कशी वाजते ते मी ऐकलंय. मुलाखतीच्या नुसत्या विचाराने झोप उडत असेल, उलट्या होत असतील, तर लपवू नकोस. आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी येईन सोबत.

तसं नसेल, तर उद्या संध्याकाळी सहा वाजता मेट्रॉलॉजी लॅबमध्ये. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. पुढच्या मुलाखतीला जाताना जे घालणार तेच. टेबलापलीकडे तुला न ओळखणारे दोन सर बसलेले असतील, आणि व्हर्नियर मी पुढे ठेवीन.