भाव विचारण्याची लाज

आमच्या काकांच्या दुकानाला दार नव्हतं, फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर खडूने आकडा घातलेला. सकाळी एकेक काढायची आणि भिंतीला टेकून ठेवायची, रात्री त्याच क्रमाने खाचेत बसवायची. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात किराण्याचं दुकान म्हणजे एवढंच. साखर, गूळ, रवा, चहापूड, काळे वाटाणे, अगरबत्ती, घासलेटाच्या जुन्या मापावर ठेवलेली उधारीची वही, आणि तिच्यामागे काका.

मी मुंबईत नोकरीला. 2019 च्या मे महिन्यात सुट्टीवर गेलो असताना त्यांना म्हटलं, "काका, दुकानाची एक वेबसाइट काढूया. चाकरमानी तिकडनंच सामान सांगतील."

काकांनी तराजूवरून नजर काढली नाही. म्हणाले, "झिला, मी गिऱ्हाइकाक ओळखतंय. ती तुझी वेबसाइट ओळखतली काय?"

मी हसलो, पण त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. पुढे त्यांनी ते नीट उलगडून सांगितलं. लिहिलेला भाव सगळ्यांना एकच असतो. त्यांचा भाव मात्र माणूस बघून ठरायचा. नवरा गेलेल्या बाईला साखर दोन रुपयांनी कमी, आणि ते तिलासुद्धा कळायचं नाही. ते दोन रुपये नव्या बंगल्यावाल्याकडून निघायचे. "भाव भिंतीवर लिवलो की ह्यां सगळा मरता," ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय तिथेच राहिला.

मग कोरोनाची दोन वर्षं गेली. 2022 साली गणपतीवरची बंधनं उठली आणि सगळी मुंबई कोकणात उतरणार हे नक्की झालं. चतुर्थी होती 31 ऑगस्टला. काकांनी अंदाजाने कोल्हापूरहून माल भरला. काळे वाटाणे दीडशे किलो, गुळाच्या दहा किलोच्या वीस ढेपी, रवा शंभर किलो. वाटाणे इतके कशाला, असं घाटावरच्या माणसाला वाटेल. पण आमच्याकडे गणपतीत रात्रभर घरोघर भजनं चालतात, आणि भजनाच्या बाऱ्याला उसळ-पाव आणि चहा द्यावा लागतो. एकेका घरात पाच-सात किलो वाटाणे सहज उडतात.

माणसं आली. घरं भरली. दुकान मात्र भरलं नाही.

कारण माणसं खोके घेऊन आली होती. मुंबईतच मोबाइलवर यादी भरलेली, घरपोच आलेलं सामान गाडीच्या डिकीत घातलेलं. दोन वर्षं घरात कोंडून राहिल्यावर ती सवय सगळ्यांनाच लागली होती. आणि खरं सांगायचं तर एक खोका आमच्याही पडवीत होता. बायकोने मागवला, मी उचलून आणला. चतुर्थीच्या दुपारी काका गणपतीच्या पाया पडायला आले. पडवीतून आत येताना त्यांनी तो खोका बघितला. वरची चिठ्ठीसुद्धा वाचली असावी. काही बोलले नाहीत. मोदक खाल्ले, पाणी प्यायले, गेले. मला आरतीत शब्द आठवेनात.

गणपती गेल्यावर दुकानात नव्वद किलो वाटाणे आणि अकरा ढेपी गूळ उरला. दिवाळीला खपेल, असं परगावच्याला वाटेल. पण कोकणातली भाद्रपदाची हवा माल ठेवू देत नाही. गूळ पाझरतो, खाली काळं पाणी धरतो. रव्याला गुठळ्या होतात, मग आत पांढरी जाळी दिसते आणि पाठोपाठ अळी. वाटाणे तेवढे उन्हात घालून वाचले. गूळ पडेल भावाने गेला, रवा गुरांच्या आंबोणात. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचे पैसे मात्र ठरल्या दिवशी द्यायचेच होते. म्हणून त्या दिवाळीला काकांनी निम्माच माल उचलला.

मला वाटलं, आता ते लोकांना शिव्या घालतील. त्यांनी वेगळंच केलं. उधारीची वही काखेत मारून ते वाडीवाडीत गेले आणि जुन्या गिऱ्हाइकांना सरळ विचारलं, यंदा माझ्याकडे का आला नाहीत? बहुतेकांनी रस्त्याच्या, वेळेच्या सबबी सांगितल्या. खालच्या वाडीतली एक म्हातारी तेवढी खरं बोलली.

"झिल मुंबैसून फोन करता, थय साखर कशी, रवो कसो. तुका विचारूक माका लाज वाटता. तू उधार दितंस, मगे भाव कसो विचारू?"

हे वाक्य काकांनी मला फोनवर दोनदा सांगितलं. ज्या ओळखीला ते चाळीस वर्षं उपकार समजत होते, ती समोरच्याचं तोंड बंद करत होती. ओळखीच्या माणसाला भाव विचारता येत नाही, किडका वाटाणा परत करता येत नाही, आणि 'यंदा नको' तर म्हणताच येत नाही. लोक त्यांना सोडून गेले नव्हते. नाही म्हणायला त्यांना दुसरी वाट सापडली होती, इतकंच.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच मला बोलावलं. आम्ही एकच पान केलं. चौतीस जिनसा, समोर भाव, वर तो भाव कुठल्या तारखेचा ते. यादी भरली की ती काकांच्या मोबाइलवर संदेश म्हणून येणार. गुळाला मी इंटरनेटवरचा पिवळाधमक फोटो लावला होता, तो त्यांनी काढायला लावला. "माझो गूळ काळसर आसा, काळसरच दिसूक होयो." उधारी पानावर घेतली नाही. उधार माणसाला देतात, यादीला नाही, हे त्यांचं म्हणणं मी मान्य केलं.

2023 ची चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. यादी 12 तारखेला बंद केली. खरा फायदा तिथे कळला. आधी माल भरून गिऱ्हाइकाची वाट बघायची, ते उलटं झालं. याद्यांत सत्तर किलो वाटाणे आले, तेव्हा काकांनी शंभरच आणले. हरतालिकेच्या आदल्या दिवशी रिक्षाने पिशव्या घरोघर पोचल्या. चुकाही झाल्या. एका नावाचे दोघे निघाले आणि एकाची पिशवी दुसऱ्या वाडीत गेली. तेव्हापासून पानावर वाडीबरोबर 'कोणाचो झिल' हेही विचारतो. मधल्या दिवसांत साखर चढली, तरी यादी भरलेल्यांना काकांनी लिहिलेल्याच भावाने दिली. लिहिलेला भाव म्हणजे दिलेला शब्द, असं ते आता म्हणतात.

मग त्या बाईच्या दोन रुपयांचं काय? मी विचारलं. काकांनी तिची पिशवी माझ्यासमोर बांधली. भाव सगळ्यांसारखाच लावला. वरून गुळाचा एक खडा टाकला, न तोलता. म्हणजे सवलत मेली नाही. फक्त आता ती बंगल्यावाल्याच्या खिशातून जात नाही, काकांच्या जाते.

भाव बघून न येणारेही आहेत. काका त्यांच्या घरी आधीसारखेच गणपतीला जातात. ओळख खरी असेल तर तिने एवढं सोसायला हवं, असं मला वाटतं. पण ते सोसताना काकांना काय होतं, हे मी विचारलेलं नाही.

माझी यादी मी पहिल्याच दिवशी भरतो. पुतण्या म्हणून एक पैसा कमी होत नाही. गुळाचा खडाही नसतो.